तेविसाची रेघ

२००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. त्यात एक छायाचित्र होतं. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक लंडनचे जॉन युडकिन आणि दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक. दोघंही अंगानं बारीक. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी एकसारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघं 'नॉर्मल' रकान्यात बसावेत. मग दोघांची डेक्सा तपासणी झाली. क्ष-किरणांच्या साहाय्यानं शरीरातली चरबी, हाडं आणि बाकीच्या मऊ ऊती वेगवेगळ्या मोजण्याची ही पद्धत. युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

हा फरक किलोत मांडला की जास्त टोचतो. समजा दोन माणसांचं वजन प्रत्येकी ६० किलो आहे. ९.१ टक्क्यांनी साडेपाच किलो चरबी होते आणि २१.२ टक्क्यांनी पावणेतेरा किलोच्या आसपास. काटा मात्र दोघांनाही ६०च दाखवतो. म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर सात किलो चरबी जादा आहे आणि त्याच्या बदल्यात सात किलो दुसरं काहीतरी कमी आहे. ते दुसरं काहीतरी म्हणजे मुख्यतः स्नायू. या टिपणाचं नाव, दोघांच्या आडनावातल्या पहिल्या इंग्रजी अक्षरांवरून, 'वाय-वाय पॅराडॉक्स' असं पडलं. दोन माणसांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे त्या दोघांनाही पुरेपूर ठाऊक होतं. पण मोठमोठ्या अभ्यासांतून जे आकड्यांत दिसत होतं ते या एका चित्रात डोळ्यांना दिसलं. दक्षिण आशियाई प्रौढांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर का ओढली जाते, याचं निम्मं उत्तर त्या चित्रात आहे. उरलेलं निम्मं उत्तर जरा अडचणीचं आहे, त्याकडे नंतर येऊ.

आधी बीएमआयचं गणित. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, इतकंच. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या अ‍ॅडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाचं. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो सरासरी माणसाच्या शोधात होता. १९७२ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्यांनाही तो लोकसमूहांच्या अभ्यासासाठी हवा होता, दवाखान्यात समोर बसलेल्या एकेका माणसाचा निकाल लावायला नव्हे. हे सूत्र चरबी मोजतच नाही. उंचीच्या मानानं वजन किती, एवढंच ते सांगतं, आणि त्या वजनात चरबी किती असेल याचा अंदाज आपण आपल्या मनानं जोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातले जास्त वजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३० हे आकडे ज्या अभ्यासांतून आले ते प्रामुख्यानं युरोपीय वंशाच्या लोकांवरचे होते. अंदाजाची जोडणी त्यांच्या शरीरांवरून ठरली. शरीराची घडण बदलली की सूत्र तेच राहतं आणि जोडणी चुकते.

ती किती चुकते? वय, लिंग आणि बीएमआय सारखे असले तरी आशियाई लोकांच्या अंगात गोऱ्या लोकांपेक्षा साधारण तीन ते पाच टक्के-अंश जास्त चरबी सापडते. दक्षिण आशियाई लोकांत हा फरक विशेष ठळक आहे. पण नुसत्या प्रमाणावर हे प्रकरण संपत नाही. चरबी कुठे बसते, हा खरा मुद्दा आहे.

मांड्या, नितंब आणि दंड यांच्या त्वचेखालची चरबी म्हणजे शरीराचं कोठार. तिथे साठलेली चरबी फारसा उपद्रव करत नाही. शरीराला जादा ऊर्जा मिळाली की ती तिथे मुकाट पडून राहते. दक्षिण आशियाई शरीरात हे कोठार आकारानं लहान असतं, असं मानायला बरेच आधार आहेत. ते लवकर भरतं, त्यातल्या पेशी फुगतात, आणि मग चरबी जिथे जायला नको तिथे जाते. आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडाच्या आसपास. यकृतात चरबी शिरली की ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर उपाशी असताना यकृतानं रक्तात किती साखर सोडायची हे एरवी इन्शुलिन ठरवतं. तो लगाम सैल पडला की सकाळची उपाशीपोटीची साखर वर सरकते. तेच यकृत ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त बाहेर टाकतं आणि त्या ओघात एचडीएल, म्हणजे 'चांगलं' म्हणवलं जाणारं कोलेस्टेरॉल, खाली येतं. बारीक दिसणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली अशी जोडी दिसली, की जाणता डॉक्टर आपोआप पोटाकडे बघतो.

स्नायूंची बाजू याहून सोपी आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायूच कमी असतील तर साखर ठेवायला जागा कमी. म्हणजे एकीकडे चरबीचं कोठार लहान, दुसरीकडे साखरेचंही. वजनाच्या काट्यावर या दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात, कारण स्नायूंची उणीव चरबी भरून काढते आणि बेरीज जिथल्या तिथे राहते.

ही घडण चाळिशीतल्या बैठ्या कामामुळे येते, असं समजून अनेक जण स्वतःला दोष देतात. बैठं काम तिला वाढवतं हे खरंच. पण तिचं मूळ फार आधीचं आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा इकडची बाळं सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची निघाली. फरक सर्व मापांत सारखा असता, तर ही निव्वळ लहान बाळं ठरली असती. पण पोटातले अवयव आणि स्नायू यांची मापं खूप खाली होती, आणि पाठीवर खांद्याच्या पात्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबीची घडी मात्र त्या मानानं फारशी कमी नव्हती. वजनानं हडकुळं, पण चरबी राखून असलेलं बाळ. दुसऱ्या एका तुलनेत नाळेच्या रक्तातलं इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा पुण्याच्या बाळांत जास्त निघालं. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' हा ढाचा जन्मालाच तयार असतो. तो जनुकांमुळे, की पिढ्यान् पिढ्या मातेच्या पोटात झालेल्या कुपोषणामुळे, यावर वाद आहे. दोन्हींचा हात असावा असं मानणं जास्त शहाणपणाचं वाटतं. पण २३ ची रेघ ओढायला तो वाद सुटायची वाट पाहावी लागत नाही.

आता ते अडचणीचं निम्मं उत्तर. २३ हाच आकडा का? २२ का नाही, २४ का नाही?

२००० साली आशिया-पॅसिफिक विभागासाठी निघालेल्या एका दस्तऐवजात २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा अशी मांडणी आली. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सिंगापूरला तज्ज्ञांची बैठक घेतली आणि तिचा निष्कर्ष २००४ मध्ये लॅन्सेटमध्येच छापून आला. तो नीट वाचला तर लोक समजतात त्याहून वेगळा आहे. आशियातल्या निरनिराळ्या लोकसमूहांत धोका वाढायला लागण्याचा बिंदू २२ ते २५ च्या दरम्यान कुठेही सापडत होता. सगळ्या आशियाला लागू पडेल असा एक आकडा काढता येत नाही, असं तज्ज्ञांनी मान्य केलं. म्हणून त्यांनी २५ आणि ३० हे जागतिक आकडे रद्द केले नाहीत. त्यांच्या जोडीला २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे 'कृतीचे बिंदू' दिले आणि आपल्या लोकांसाठी काय वापरायचं हे देशांवर सोडलं. देशांनीही आपापल्या परीनं ठरवलं. सिंगापूरनं २३ आणि २७.५ घेतले, चीननं २४ आणि २८. भारतातल्या तज्ज्ञांच्या २००९ च्या एकमत-निवेदनानं २३ ते २४.९ ला जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा म्हटलं.

यातून एक गंमतशीर विसंगती अजून चालू आहे. भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जास्त वजन किंवा लठ्ठपणाची टक्केवारी काढताना २५ हाच आकडा धरतात. जगाशी तुलना करायची असेल तर ते बरोबरच आहे. पण त्या टक्केवारीवरून 'इतक्याच लोकांना धोका आहे' असं कुणी लिहिलं, तर २३ ते २५ मधली सगळी माणसं हिशेबातून गळलेली असतात.

रेघ कुठे ओढायची हे दोन प्रकारे ठरवता येतं. पहिला प्रकार चरबीच्या तुलनेचा. गोऱ्या माणसाच्या अंगात २५ बीएमआयला जेवढी चरबी असते तेवढी इकडच्या माणसाच्या अंगात कितीला होते, ते बघायचं. दुसरा प्रकार आजाराच्या तुलनेचा, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. इंग्लंडमधल्या सुमारे १४.७ लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदींवरून २०२१ मध्ये एक हिशेब मांडला गेला. गोऱ्या माणसाला ३० बीएमआयला टाइप २ मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई माणसाला २३.९ लाच आढळला. चिनी वंशाच्या लोकांत तो आकडा २६.९ होता. मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो. गोऱ्यांच्या ३० ला आपला २३.९ असेल, तर त्यांच्या २५ ला आपला किती? त्याच हिशेबातून उत्तर आलं १९.२.

या १९.२ पाशी थांबून जरा विचार करण्यासारखं आहे. १८.५ च्या खाली कमी वजन सुरू होतं. १९.२ वर जास्त वजनाची रेघ ओढली, तर निरोगी वजनाला उरते जेमतेम ०.७ एवढी फट. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी ही फट दोन किलोचीही नाही. सकाळी निरोगी आणि दोन दिवस पाहुणचार झोडल्यावर जास्त वजनाचा, असला प्रकार होईल. ज्या भागात कुपोषणही पुष्कळ आहे तिथे असा तक्ता लावणं नुसतं निरुपयोगी नाही, घातक ठरेल. म्हणून २३ हा मधुमेहाच्या समीकरणातून जसाच्या तसा उचललेला आकडा नाही. रेघ खाली आणावी तसे धोक्यातले जास्त लोक सापडतात, पण विनाकारण काळजीत पडणारे निरोगी लोकही वाढतात. ती वर न्यावी तसं उलट होतं. २३ ही या ओढाताणीतली तडजोड आहे, आणि माझ्या मते तरी ती समंजस तडजोड आहे.

उलट बाजूचा एक पुरावाही इथे मांडायलाच हवा. २०११ मध्ये आशियातल्या अकरा लाखांहून अधिक लोकांच्या पाठपुराव्यातून बीएमआय आणि मृत्यू यांचं नातं तपासलं गेलं. चीन, जपान आणि कोरियाच्या लोकांत बीएमआय फार वाढला की मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. भारत आणि बांगलादेशातल्या लोकांत मात्र जास्त बीएमआयला तशी वाढ दिसली नाही. तिथे ठळक धोका होता तो फार कमी बीएमआयचा. हा निष्कर्ष दाखवून '२३ चं सगळं थोतांड आहे' असं म्हणणारे भेटतात. पण प्रश्नच वेगळा आहे. मृत्यूची मोजणी करताना गरिबी, क्षयरोग, तंबाखू हे सगळं त्या आकड्यात मिसळतं, आणि आजारपणानं खंगलेला माणूस मरण्याआधी बारीक झालेला असतो. २३ ची रेघ मृत्यूसाठी नव्हतीच. साखर कुणाची आधी तपासावी, एवढ्यासाठी ती आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१५ पासून आशियाई वंशाच्या अमेरिकनांसाठी २३ चा आकडा घेतला तोही चाचणी कुणाची करायची हे ठरवायला. रोगनिदानाची रेघ आणि चाचणीची रेघ यांत गल्लत झाली की एकतर माणूस घाबरतो, नाहीतर सगळंच झुगारून देतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुरुष, वय ४१, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६४ किलो. १.६५ चा वर्ग २.७२२५, आणि ६४ ला त्यानं भागलं की २३.५. फोनमधल्या बहुतेक अ‍ॅपमध्ये २५ चा आकडा आधीच बसवलेला असतो, त्यामुळे तिथे हिरवा रंग येणार. दक्षिण आशियाई तक्त्यात तो जास्त वजनाच्या रकान्यात जातो. या उंचीला २३ ची रेघ ६२.६ किलोवर आणि २५ ची ६८ किलोवर पडते. म्हणजे सगळा वाद साडेपाच किलोंचा आहे.

पण आधी उंची खरी आहे का ते बघायला हवं. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे तिच्यातली चूक जास्त महागात पडते. हाच माणूस चपला घालून मोजला आणि १६७ भरला, तर बीएमआय २२.९ येतो आणि तो रेघेच्या आत सरकतो. १६३ मोजला तर २४.१. दोन सेंटीमीटरनी रकाना बदलतो. कॉलेजात असताना मोजलेली उंची वयाच्या साठीत सांगणं ही तर नेहमीचीच चूक, कारण मणक्यांची उंची वयानुसार कमी होते. अनवाणी उभं राहायचं, टाचा भिंतीला, नजर समोर, आणि डोक्यावर सपाट फळी. यापेक्षा जास्त काही लागत नाही, पण एवढंही बहुधा होत नाही.

मग कमरेचा घेर. २३.५ या आकड्याचा अर्थ लावायला याहून स्वस्त आणि उपयोगी माप दुसरं नाही. भारतीय निकषांत पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही मर्यादा आहे. ते माप घ्यायचं कुठे, यात हमखास घोटाळा होतो. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो, त्यामुळे पोट वाढलं तरी वर्षानुवर्षं नंबर तोच राहतो. बाजूला हात लावून शेवटची बरगडी शोधायची, खाली कंबरेच्या हाडाची वरची कड शोधायची आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी फिरवायची. कपड्यांवरून नको. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून धरलं तर टेपला फसवता येतं, यकृताला नाही.

आपल्या माणसाचा घेर ९२ भरला. बीएमआय रेघेच्या जरासा पुढे आणि घेरही मर्यादेबाहेर, म्हणजे दोन्ही खुणा एकाच दिशेनं बोट दाखवतात. इथे उपाशीपोटीची साखर, गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी, लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब एवढं बघणं रास्त आहे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ आली तर मधुमेहपूर्व अवस्था, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका, ती पुन्हा तपासून खात्री करायची. एचबीए१सीमध्ये एक खोड आहे. लोहाच्या कमतरतेनं रक्तक्षय असेल, तर साखर वाढलेली नसतानाही तो आकडा थोडा वर दाखवू शकतो. आपल्याकडे, विशेषतः बायकांत, रक्तक्षय इतका सर्रास आहे की नुसत्या ५.८ वर मधुमेहपूर्व अवस्थेचा शिक्का मारण्याआधी हिमोग्लोबिन बघावं.

घेर ८२ भरला असता आणि माणूस अंगमेहनतीचं काम करणारा असता, तर तोच २३.५ फारसा चिंतेचा नसता. त्याच्या वजनात स्नायू बरेच असण्याची शक्यता जास्त. उलट बीएमआय २२ आणि घेर ९३ असा माणूस रेघेच्या आत असूनही तपासणीला पाठवावा. कुठलाही तक्ता त्याला पकडत नाही आणि तो स्वतःही कधी दवाखान्यात जात नाही, कारण आयुष्यभर सगळ्यांनी त्याला 'सडपातळ आहेस' असंच सांगितलेलं असतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांना हे प्रौढांचे आकडे सरळ लावायचे नसतात. त्यांच्यासाठी वयानुसार वाढीचे तक्ते आहेत. गरोदरपणात तर बीएमआय बाजूलाच ठेवायचा. घरगुती काट्यावर पाय ठेवला की चरबीची टक्केवारी दाखवणारी जी यंत्रं मिळतात, ती अंगातून सौम्य वीजप्रवाह सोडून अंदाज करतात, आणि पाणी किती प्यायलात यावर तो अंदाज हलतो. त्यातल्या सूत्रांमागची माणसं कोणत्या वंशाची होती हे डब्यावर लिहिलेलं नसतं. पुन्हा तोच मूळ प्रश्न, वेगळ्या वेष्टनात.

आपल्या ९२ च्या घेराच्या माणसानं पुढे काय करायचं, यातही त्या छायाचित्रातला धडा लागू पडतो. त्याला २३ च्या आत यायला दीड किलो कमी करायचं आहे. आठवडाभर उपाशी राहून ते सहज होईल, पण त्यात पाणी आणि स्नायू जातील. बीएमआय २३ च्या आत येईल आणि आधीच अपुरं असलेलं साखरेचं कोठार आणखी लहान होईल. याउलट सहा महिने नियमित चालून, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलून आणि आहारात प्रथिनं वाढवून त्याचं वजन ६४ वरच राहिलं आणि घेर ९२ चा ८७ झाला, तर तक्त्यात तो अजूनही जास्त वजनाचाच दिसेल. अशा वेळी लिपिडचा जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या दोन ओळी वाचाव्यात. काट्याला जे दिसलं नाही ते बहुधा तिथे उतरलेलं असतं.